५५ इंची टीव्हीवर एसडी चॅनल धूसर दिसतात. अपस्केलिंगने नक्की काय सुधारतं?

मिरजकर_नीलेश | १४ जून, रात्री ९:५०

गेल्या महिन्यात बाबांसाठी ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. आधीचा ३२ इंची होता, नऊ वर्षं चालला. दुकानात लावलेलं चित्र पाहून बाबा हरखले होते. घरी आणला, जुनाच केबलचा बॉक्स जोडला, संध्याकाळच्या बातम्या लावल्या आणि दहा मिनिटांत बाबा म्हणाले, "नीलू, जुना टीव्ही परत लाव."

खरंच वाईट दिसतंय. चेहरे मेणाचे वाटतात, केसांच्या कडेला काहीतरी वळवळतं, खालची बातम्यांची पट्टी थरथरते. निवेदिकेच्या कपाळावरच्या कुंकवाचा रंग आजूबाजूला पसरल्यासारखा दिसतो. मोबाइलवरून एखादा फोर-के व्हिडिओ लावला की तोच टीव्ही काचेसारखा स्वच्छ. म्हणजे टीव्ही बिघडलेला नाही.

दुकानदार म्हणाला होता की यात अपस्केलिंग आहे, कुठलंही चॅनल फोर-के होऊन दिसेल. मग बॉक्स बदलायचा, केबल बदलायची की टीव्हीत काही सेटिंग आहे? बाबा दिवसातले पाच तास टीव्ही पाहतात. त्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही घेतलेली ही पहिली मोठी वस्तू आहे, म्हणून जास्त लागतंय.

अण्णा_डिशवाले | १४ जून, रात्री १०:२०

नीलेशदादा, मी साताऱ्यात पंधरा वर्षं डिश बसवतोय. निम्मी गिऱ्हाइकं फ्री डिशची, बाकीची इतर. अशी तक्रार आली की मी आधी सिग्नल बघतो. बऱ्याचदा छत्री थोडी हललेली असते, नाहीतर एलएनबीत पाणी गेलेलं असतं. सिग्नल पंचावन्नचा ऐंशी केला की चित्र एकदम साफ. तुमची केबल आहे म्हणता, तर केबलवाल्याला घरात येणाऱ्या वायरची लेव्हल तपासायला सांगा. जोड गंजलेला असेल.

फ्रेमवेडी | १४ जून, रात्री ११:०५

नीलेश, तीन गोष्टी सांगा, मग बोलू.

एक, सोफा टीव्हीपासून किती फुटांवर आहे? टेप लावून मोजा, अंदाज नको. दोन, बॉक्स कुठल्या वायरने जोडलाय, एचडीएमआय की पिवळी-लाल-पांढरी? तीन, बॉक्सचा स्वतःचा मेनू उघडा, जिथे चॅनलची यादी येते तो. त्या मेनूतली अक्षरं स्वच्छ आहेत की तीही धूसर?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मेनू बॉक्स स्वतः काढतो, तो कुठून प्रक्षेपित होऊन येत नाही. मेनू कोरीव आणि मागचं चित्र धूसर असेल तर वायर, जोड आणि टीव्ही तिघेही निर्दोष. मेनूही धूसर असेल तर दोष तुमच्या घरात आहे आणि तो बहुधा काढता येईल.

मिरजकर_नीलेश | १५ जून, सकाळी ७:४०

ताई, मोजलं. सोफ्याच्या पाठीपासून दहा फूट. वायर एचडीएमआय. मेनूची अक्षरं अगदी स्वच्छ आहेत, मी जवळ जाऊन पाहिली. टीव्हीच्या माहितीच्या बटणावर 1920x1080p असं येतं. म्हणजे सिग्नल फुल एचडीच येतोय ना?

फ्रेमवेडी | १५ जून, सकाळी ९:१५

नाही, आणि बहुतेक घरांत गैरसमज इथेच होतो. ते 1080p म्हणजे बॉक्स टीव्हीला जे देतोय ते. चॅनल बॉक्सपर्यंत कसं पोचलं हे त्यावरून कळत नाही.

मी मुंबईत एका चॅनलच्या प्लेआउटमध्ये काम केलंय, जिथून कार्यक्रम हवेत सोडतात तिथे. तुमच्या बाबांना दिसणारं चित्र तिथून सोफ्यापर्यंत कसं येतं ते सावकाश सांगते. सेटिंगला हात लावण्याआधी हे कळलेलं बरं.

आपल्याकडचं एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. हा ५७६ चा आकडा जुन्या ६२५ ओळींच्या पद्धतीतून आला आहे. १९८२ च्या एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेव्हाही दिसणाऱ्या ओळी एवढ्याच होत्या. गुणाकार केला तर ४ लाख १४ हजार ७२० ठिपके होतात. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात. भागाकार करा, बरोबर वीस येतात. म्हणजे तुमच्या पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे एक ठिपका चॅनलकडून आलाय. उरलेले एकोणीस शेजाऱ्यांकडे बघून भरायचे. हे भरण्याचं काम म्हणजे अपस्केलिंग. ते टाळता येत नाही, कारण ते केलं नाही तर चित्र पडद्याच्या मधोमध वहीच्या पानाएवढंच दिसेल.

आता दहा फुटांचं. साधारण चांगल्या नजरेला एक मीटरवरून ०.३ मिलिमीटरची खूण वेगळी ओळखता येते. तुमच्या दहा फुटांवरून, म्हणजे तीन मीटरवरून, ०.९ मिलिमीटर. जुन्या ३२ इंची पडद्यावर एसडीची एक ओळ ०.७ मिलिमीटर उंच होती. ती नजरेच्या मर्यादेच्या आत लपत होती, म्हणून चित्र एकसंध दिसायचं. ५५ इंचीवर तीच ओळ १.२ मिलिमीटरची झाली. बाबांची खुर्ची जागेवरच राहिली आणि ओळ मर्यादेच्या बाहेर आली. जुना टीव्ही जास्त चांगला नव्हता, तो लहान होता. ५५ इंचीवर ती ओळ मर्यादेच्या आत जेमतेम लपायला हवी असेल तर साडेतेरा फुटांवर बसावं लागेल.

पण नुसत्या मोठेपणाने एवढं वाईट दिसत नाही. डीव्हीडीवरही एवढेच ठिपके असतात आणि चांगली डीव्हीडी ५५ इंचीवर सुसह्य दिसते, थोडी मऊ, पण स्वच्छ. बाबांना जे खटकतंय, मेणाचे चेहरे आणि कडेची वळवळ, ते दुसऱ्याच ठिकाणाहून येतं. ते रात्री लिहिते.

विक्रांत७७ | १५ जून, दुपारी १:१०

सेम प्रॉब्लेम! माझं फायबर १०० एमबीपीएसचं आहे, स्पीड टेस्टला पूर्ण स्पीड येतो, तरी ॲपवरची मालिका सुरुवातीला पाच मिनिटं धूसर असते, मग नीट होते. राउटर बदलू का?

अण्णा_डिशवाले | १५ जून, दुपारी २:००

विक्रांत, तुमचा विषय वेगळा. ॲप इंटरनेटचा वेग बघून चित्र कमीजास्त करतं. टीव्ही राउटरला वायरने जोडून बघा, वायफाय भिंतीपलीकडून येत असेल. नीलेशदादांचं चॅनल पाच मिनिटांनी नीट होत नाही, ते कायमच तसं आहे.

फ्रेमवेडी | १५ जून, रात्री १०:३०

आता दाबण्याची गोष्ट.

एसडी चित्र कच्च्या स्वरूपात पाठवायला सेकंदाला दीडशेच्या वर मेगाबिट लागतात. एवढी जागा कुणाकडेच नसते, म्हणून ते दाबतात. चांगल्या डीव्हीडीला सेकंदाला पाच-सहा मेगाबिट मिळतात. उपग्रहाच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून जुन्या पद्धतीने सुमारे चाळीस मेगाबिट जातात. त्यात आठ चॅनल बसवले तर प्रत्येकाला पाच मिळतील आणि चित्र छान राहील. वीस बसवले तर दोन. केबलचा हिशेबही याच जातीचा. नव्या दाबपद्धतीत दोन मेगाबिटांत बरंच भागतं, पण जुन्या एमपेग-२ मध्ये दोन म्हणजे उपासमार. काही चॅनल तर आडवे ठिपकेही कमी करतात, ७२० ऐवजी ५४४, आणि बॉक्स ते ताणून देतो.

दाबताना चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. बिट कमी पडले की चौकोनातला बारीक तपशील आधी टाकला जातो. त्वचेची पोत, साडीची वीण, केसांच्या बटा, गवत. फार कमी पडले तर अख्खा चौकोन जवळजवळ एका रंगाचा होतो. असा एक चौकोन तुमच्या जुन्या पडद्यावर ८ मिलिमीटर रुंद होता. नव्यावर साडेतेरा मिलिमीटर आहे, उंचीला साडेनऊ. बोटाच्या पेराएवढा. दहा फुटांवरून तो न दिसणं शक्य नाही.

चौकोनात कुठे ठळक कड असेल, उदाहरणार्थ कानाची किंवा अक्षराची, तर दाबण्यामुळे त्या कडेभोवती बारीक ठिपक्यांचा धुरळा उठतो आणि दर फ्रेमला बदलतो. केसांच्या कडेची वळवळ ती हीच.

कुंकवाचंही उत्तर देते. काळ्या-पांढऱ्या उजेडाची माहिती ७२० गुणिले ५७६ असते, पण रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी, ३६० गुणिले २८८. माणसाचा डोळा रंगाच्या बाबतीत ढिला असतो म्हणून हे चालून जातं. पण ५५ इंचीवर रंगाचा एक दाणा साडेतीन मिलिमीटरचा होतो. लाल कुंकू, नऊवारीचे काठ, भगवा झेंडा, सगळ्या गडद लालसर गोष्टी कडेबाहेर ओघळतात.

आणि आता अपस्केलिंग. टीव्ही मोठं करतो तेव्हा त्याला कपाळ कुठलं आणि चौकोनाची कड कुठली हे माहीत नसतं. तो दोन्ही इमानदारीने मोठं करतो. कडा ठळक करायला सांगितलं तर धुरळ्याच्या कडाही ठळक करतो. लहान चित्र मोठं करणं अवघड नाही, लहान आणि मोडलेलं चित्र मोठं करणं अवघड आहे.

अण्णा_डिशवाले | १५ जून, रात्री १०:५५

ताई, हे मान्य. पण मग मी छत्री फिरवल्यावर गिऱ्हाईक "साफ झालं" का म्हणतं? मी स्वतः डोळ्याने बघितलंय.

फ्रेमवेडी | १५ जून, रात्री ११:२०

अण्णा, तुम्ही पाहिलेलं खरं आहे. कमी सिग्नलला बिट चुकतात, चित्राचे तुकडे होतात, मधेच थिजतं, आवाज तुटतो. छत्री फिरवली की ते थांबतं आणि चित्र साफ वाटतं. पण चुका थांबल्यावर सिग्नल साठ असो की नव्वद, बॉक्सकडे तेच बिट येतात, एकही जास्त नाही. ॲनालॉगच्या काळात प्रत्येक टक्क्याला मुंग्या कमी व्हायच्या. डिजिटलला तसा उतार नाही. नीलेशकडे चित्र तुटत नाही, सतत एकसारखं मऊ आहे. म्हणून तिथे वायरची लेव्हल वाढवून काही मिळणार नाही.

मिरजकर_नीलेश | १६ जून, सकाळी ८:०५

आता समजलं. पण मग दुकानदार म्हणतो ते अपस्केलिंग काय करतं? काहीच नाही? टीव्हीच्या खोक्यावर एआय अपस्केलिंग असंही छापलंय.

पेन्शनर_सदाशिव | १६ जून, सकाळी ९:३०

माझाही एक प्रश्न यातच घाला. काही एचडी चॅनलांवर जुने, टेपवर चित्रित झालेले कार्यक्रम दाखवतात. तेही एसडीच असणार, पण ते माझ्या ४३ इंचीवर एसडी चॅनलपेक्षा बरेच बरे दिसतात. तिथेही अपस्केलिंगच करत असतील ना? मग त्यांचं चालतं आणि माझ्या टीव्हीचं का चालत नाही?

फ्रेमवेडी | १६ जून, दुपारी १२:४५

सदाशिवकाका, फार नेमकं पकडलंत. यातच नीलेशचंही उत्तर आहे.

चॅनलकडे मूळ टेप किंवा तिची भरपूर बिटांची फाइल असते. चौकोन पडलेले नाहीत, धुरळा नाही, त्वचेची पोत शाबूत आहे. तिथलं यंत्र ते स्वच्छ चित्र मोठं करतं आणि मग एचडीच्या ऐसपैस जागेत दाबून पाठवतं. म्हणजे आधी मोठं केलं, मग दाबलं. तुमच्या घरी आधी दाबलेलं येतं आणि दाबताना जे फेकून दिलं त्याशिवाय ते मोठं करायचं असतं. क्रम उलटा झाला की निकाल बदलतो. अपस्केलिंग दोन्हीकडे आहे, कच्चा माल वेगळा आहे.

टीव्हीचं चांगलं अपस्केलिंग काय करू शकतं? तिरक्या रेषांच्या पायऱ्या गुळगुळीत करतं, म्हणजे चष्म्याची दांडी, पदराची कड. एकाच्या पाठोपाठ आलेल्या फ्रेम जुळवून थोडा खरा तपशीलही परत मिळवतं, पण चित्र संथ असेल तरच. मोठं करण्याआधी चौकोनांच्या कडा पुसून घेतं. एआयवालं असेल तर हजारो चित्रांवरून शिकलेल्या सवयीने "इथे पापणी असावी, इथे पानं असावीत" असा अंदाज बांधून बारीक रेघा घालतं. माल स्वच्छ असेल तर हा अंदाज छान बसतो. दोन मेगाबिटांच्या चित्रावर ते बरेचदा धुरळ्यालाच पोत समजतं.

काय करू शकत नाही, त्याचं एक मराठीतलं उदाहरण. मालिकेत मागे दुकानाची पाटी आहे, लहान अक्षरांत. दाबताना अनुस्वाराचा ठिपका गेला. आता ते "रग" आहे की "रंग", हे जगातला कुठलाही टीव्ही सांगू शकत नाही. तो ग ची काठी धारदार करून देईल, ठिपका आणणार नाही. आणला तर तो अंदाज असेल, माहिती नाही.

शुभदा_नाशिक | १६ जून, दुपारी ३:२०

हे वाचून राहवलं नाही. माझा विषय चॅनलचा नाही, पण जवळचा आहे. १९९८ चं माझ्या लग्नाचं चित्रण व्हीएचएसवर होतं, नंतर कुणाकडून तरी डीव्हीडी करून घेतलं. मागच्या वर्षी भाच्याने एका संगणकी एआय प्रोग्रॅममधून ते फोर-के केलं. दिसायला एकदम चकचकीत. सगळे खूश.

त्यात माझी आजी आहे. ती २००१ मध्ये गेली. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, हिरवट, तीन-चार ठिपके. नव्या चित्रात ते नाही. प्रोग्रॅमने ते डाग समजून पुसलं आणि तिथे गुळगुळीत कातडी भरली. भुवया जाड केल्या. चेहरा स्पष्ट आहे, पण ती माझी आजी नाही. जुन्या धूसर डीव्हीडीत गोंदण पुसट दिसतं, पण दिसतं. मी ती डीव्हीडी जपून ठेवलीय आणि तीच लावते.

फ्रेमवेडी | १६ जून, दुपारी ४:१०

शुभदाताई, डीव्हीडी ठेवलीत ते फार बरं केलंत. आणि मूळ व्हीएचएस कॅसेट अजून असेल तर तीही टाकू नका. डीव्हीडी करतानाही तपशील दाबला गेलेला असतो, कॅसेटमध्ये गोंदण जास्त स्पष्ट असू शकतं. चांगल्या व्हीसीआरवरून ती पुन्हा एकदा भरपूर बिटांत उतरवून घ्या, एआय न लावता. बुरशी लागली असेल तर मशीनमध्ये घालण्याआधी जाणकाराला दाखवा.

तुम्ही सांगितलंत तेच टीव्हीतही घडतं, फक्त सौम्यपणे. नॉइज रिडक्शन चढवलं की सुरकुत्या जातात आणि चेहरा मेणाचा होतो. नीलेशच्या बाबांना दिसतोय तसा.

फ्रेमवेडी | १६ जून, सायंकाळी ६:००

नीलेश, आता हाताने करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तेच चॅनल, तीच निवेदिका पाहा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पहिल्यांदा चित्राचा प्रकार. दुकानातला भडक मोड असेल तर काढा, सिनेमा किंवा मूव्ही नावाचा लावा. रंग पहिले दोन दिवस पिवळट वाटतील, डोळा सरावतो. भडक मोडमध्ये टीव्ही गुपचूप शार्पनेस आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट वाढवतो. दुसरं त्याहून वाईट, कारण गडद भागातले लपलेले चौकोन ते उजेडात आणतं.

मग शार्पनेस. तो खाली आणत जा आणि खालच्या पट्टीतल्या अक्षरांकडे बघा. अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी होते तिथे थांबा. काही कंपन्यांत हा तटस्थ आकडा शून्य असतो, काहींत पन्नास, म्हणून मी आकडा सांगत नाही. लोक धूसर चित्राला शार्पनेस चढवतात, त्याने मोडलेपण चढतं.

नॉइज रिडक्शन बहुधा दोन असतात, एक साधं आणि एक एमपेग किंवा डिजिटल नावाचं. साधं बंद, एमपेगवालं लो. हाय करू नका.

शेवटी बॉक्स. त्याच्या सेटिंगमध्ये आउटपुट 1080p आहे. म्हणजे ७२० गुणिले ५७६ चं फुल एचडी आत्ता बॉक्स करतोय, त्याच्या स्वस्त चिपने, आणि टीव्ही ते आणखी मोठं करतोय. टीव्हीला वाटतं समोर फुल एचडी आलंय, त्यामुळे एसडीसाठी त्याच्याकडे असलेली चौकोन पुसण्याची हत्यारं तो बाहेर काढतच नाही. आउटपुट 576i करून बघा. मग सगळं काम टीव्ही करेल. बॉक्समध्ये ऑटो किंवा नेटिव्ह असा पर्याय असेल तर तो सगळ्यात चांगला. नसेल तर लक्षात ठेवा, 576i वर ठेवलं की एचडी चॅनलही एसडी होऊन येतील.

अण्णा_डिशवाले | १६ जून, सायंकाळी ६:३०

एक भर घालतो. पट्टे बघा. जुनं चॅनल चौकोनी चित्राचं असतं, त्यात रुंद कार्यक्रम दाखवताना वर-खाली काळे पट्टे घालतात. मग टीव्ही ते आडवं ताणतो आणि माणसं जाडी दिसतात. गिऱ्हाईक म्हणतं क्लिअर नाही.

फ्रेमवेडी | १६ जून, सायंकाळी ६:५०

अण्णा, अगदी बरोबर, मी विसरले होते. अशा वेळी ५७६ पैकी ४३२ ओळींतच चित्र असतं, बाकीच्या काळ्या. मुळात कमी, त्यात चौथा हिस्सा वाया. तिथे टीव्हीचा झूम वापरावा. चित्र खरोखरच चौकोनी असेल तर ४:३ ठेवावं आणि बाजूचे काळे पट्टे सहन करावेत. त्याचा फायदाही आहे, चित्राची रुंदी पाव भागाने कमी होते आणि ते तेवढं घट्ट दिसतं.

मिरजकर_नीलेश | १८ जून, रात्री १०:१०

दोन संध्याकाळी बसून सगळं केलं. जसं घडलं तसं लिहितो.

भडक मोड काढून शार्पनेस उतरवला, तिथेच निम्मा फरक पडला. केसांकडेची वळवळ जवळपास गेली. चित्र पहिल्यापेक्षा मऊ आहे, पण डोळ्यांना टोचत नाही. बाबा म्हणाले, "आता माणसासारखी माणसं दिसतात." नॉइज रिडक्शन लोवरून हायवर नेऊन पाहिलं, लगेच मेण झालं, परत लो केलं.

बॉक्समध्ये ऑटो पर्याय होता. लावला. बातम्या आणि मालिका नक्कीच सुधारल्या, चौकोन कमी दिसतात. पण एसडीवरून एचडी चॅनलवर गेलं की पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. बाबा चॅनल भराभर बदलतात, त्यांना ते आवडलं नाही. मी म्हटलं सवय होईल. बघू.

कुंकू तसंच ओघळतं. खालची पट्टी कमी थरथरते.

सोफा मागे नेता येत नाही, पाठीमागे देवघराचं दार आहे. आईची खुर्ची खिडकीपाशी, तेरा फुटांच्या आसपास. तिची सुरुवातीपासून काहीच तक्रार नव्हती. आम्हाला वाटायचं तिला चष्म्यामुळे कळत नसेल. आता कारण कळलं.

आणि ज्या दोन मालिका आई-बाबा न चुकता बघतात, त्या चॅनलांची एचडी आवृत्ती केबलवाल्याकडून घेतली. बॉक्स एचडीचाच होता, नुसतं चॅनल चालू करायचं होतं. तीच मालिका, तेच कलाकार, आणि भिंतीवरच्या फोटोतली अक्षरंसुद्धा वाचता येतात.

पेन्शनर_सदाशिव | १९ जून, सकाळी ७:००

मीही काल बॉक्सचं आउटपुट बदललं. माझ्याकडे ऑटो नाही, म्हणून सरळ 576i केलं. ताई, माझं उलट झालं. निवेदक स्थिर असताना ठीक, पण कबड्डी लावली तर चढाई करणाऱ्याच्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात. परत 1080i केलं, दाते गेले. मग काय खरं?

फ्रेमवेडी | १९ जून, सकाळी ११:३०

काका, दोन्ही खरं. 576i मधली ओळ एकाआड एक येते. आधी विषम ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने सम ओळी. तेवढ्या वेळात खेळाडूचा हात पुढे गेलेला असतो. या दोन अर्ध्या चित्रांचं एक चित्र करणं हे मोठं करण्याच्या आधीचं काम आहे आणि ते चुकलं की दाते दिसतात. तुमच्या टीव्हीचं हे काम कच्चं दिसतंय, बॉक्सचं बरं आहे. नीलेशकडे उलटं. म्हणून "टीव्हीनेच करावं" हा माझा सल्ला सगळीकडे लागू पडेल असं मी म्हणणार नाही, कबड्डी किंवा क्रिकेट लावून तपासूनच ठरवावं. बॉक्समध्ये 576p असेल तर तोही बघा, त्यात ओळी जुळवण्याचं काम बॉक्स करतो आणि मोठं करण्याचं टीव्ही.

विक्रांत७७ | १९ जून, दुपारी १:४०

टीव्हीला वायर जोडली, मालिका पहिल्या मिनिटापासून स्वच्छ. अण्णा, धन्यवाद. एक विचारतो, दुकानात दोन हजारांची सोन्याच्या टोकाची एचडीएमआय केबल दाखवली. एसडी चॅनलला त्याने काही होईल?

अण्णा_डिशवाले | १९ जून, दुपारी २:१५

काही नाही. दोनशेची चालते. एचडीएमआय खराब असली की पडद्यावर चमकणारे ठिपके येतात किंवा चित्रच जातं, धूसर होत नाही. मी परवापासून गिऱ्हाइकाकडे आधी बॉक्सचा मेनू उघडून बघायला लागलोय. काल दोन घरांत छत्रीला हातच लावावा लागला नाही. एकाकडे एचडी बॉक्स पिवळ्या वायरने जोडलेला होता, तीन वर्षं.

शुभदा_नाशिक | १९ जून, रात्री ९:२०

कॅसेट सापडली. माळ्यावर, आईच्या ट्रंकेत. खिडकीतून आत पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरट पूड दिसतेय. मी काहीही लावलेलं नाही, तशीच कोरड्या डब्यात ठेवलीय. फ्रेमवेडीताई, नाशिक किंवा पुण्यात बुरशी लागलेल्या टेपा साफ करणारं कुणी ठाऊक आहे का?

पेन्शनर_सदाशिव | १९ जून, रात्री १०:०५

बॉक्समध्ये 576p सापडलं. दाते नाहीत आणि निवेदकही 1080i पेक्षा बरा वाटतोय. पण पट्टीतली अक्षरं सरकताना अजून फाटतात. उद्या क्रिकेट आहे, ते बघून लिहितो.